उतरलेला निळा, उतरलेला गुलाबी

केसांना निळा किंवा गुलाबी रंग लावण्याचा निर्णय एका दुपारी होतो. त्या रंगाचा कंटाळा मात्र हळूहळू येतो. पहिल्या पंधरवड्यात मोरपिसासारखा चमकणारा निळा दोन महिन्यांत शेवाळी होतो. राणी रंगाचा गुलाबी धुता धुता विटक्या पोवळ्यासारखा दिसू लागतो. मुळाशी बोटभर काळे केस आलेले असतात आणि खाली कोणत्याच नावाचा नसलेला रंग लोंबत असतो. अशा वेळी घरोघरी एकच उपाय सुचतो : वर काळा डाय लावून टाकावा, काम संपले. काम तिथे संपत नाही, उलट बहुधा तिथूनच बिघडते. ते का बिघडते आणि त्याऐवजी काय करावे, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, चाकूरच्या एका व्यापारी घरातील मुलगी पुण्याला शिकते. दिवाळीच्या आधी मैत्रिणींसोबत जाऊन तिने खांद्याखालचे सर्व केस निळे करून घेतले. आता भावाचे लग्न पाच आठवड्यांवर आले आहे आणि ती घरी आली आहे. आजी तिला जवळ बसवून म्हणते, ‘‘पोरी, केस कसे शेवाळावानी दिसायलेत गं!’’ आजीचे निरीक्षण रंगशास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक आहे. आईला काळजी मांडवात जमणाऱ्या पाहुण्यांची. मुलीला स्वतःलाच तो रंग नकोसा झाला आहे. तिला केस कापायचे नाहीत, पूर्वीसारखे साधे करायचे आहेत. पाच आठवडे ही मुदत पुरेशी आहे, मात्र पहिल्याच दिवशी चूक झाली तर ती पुरत नाही.

आधी त्या केसांचे काय झाले आहे ते समजून घ्यायला हवे. आपल्या काळ्या केसांवर निळा किंवा गुलाबी रंग थेट दिसतच नाही. म्हणून आधी ब्लीच करून केसातील मूळ रंगद्रव्य काढले जाते. काळा केस ब्लीच होताना लाल, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा अशा पायऱ्या उतरतो. त्या फिकट पिवळ्या केसावर निळा रंग चढवलेला असतो. हा रंग डेव्हलपरशिवाय लावतात. तो केसाच्या बाहेरच्या थरांत बसतो आणि प्रत्येक धुण्याला थोडा थोडा निघतो. निळा विरळ झाला की खालचा पिवळा डोकावतो, आणि निळा व पिवळा मिळून हिरवा होतो. आजीला दिसलेले शेवाळ ते हेच. गुलाबीच्या बाबतीत खालच्या पिवळ्यामुळे तो पोवळ्यासारखा, किंचित केशरी दिसू लागतो.

आता काळ्या डायचा प्रश्न. दुकानात मिळणारा तपकिरी किंवा काळा रंग असे गृहीत धरून बनवलेला असतो की खालच्या केसात त्याची स्वतःची ऊब, म्हणजे लाल आणि नारिंगी अंश, शिल्लक आहे. तपकिरी हा एकटा रंग नाही. लाल, पिवळा आणि निळा यांच्या मेळातून तो तयार होतो. ब्लीच केलेल्या केसातून लाल अंश निघून गेलेला असतो. त्यावर नुसता तपकिरी लावला तर लालाची जागा रिकामीच राहते आणि परिणाम राखाडी-हिरवट, मळकट येतो. खाली आधीच उतरलेला निळा असेल तर विचारूच नये. नुसता काळा लावला तर पहिले काही दिवस केस कोळशासारखे सपाट काळे दिसतात. मुळाशी आलेल्या खऱ्या केसांत जी तपकिरी झाक असते ती खाली नसल्यामुळे सांधा दुरूनही कळतो. मग तीन-चार आठवड्यांत तोच काळा उतरू लागतो आणि नेमक्या लग्नाच्या दिवशी उन्हात खालून हिरवी झाक येते. शिवाय पुढे तो काळा काढायचा म्हटले तर केसांना आणखी एका ब्लीचला तोंड द्यावे लागते.

म्हणून या कामाचे सूत्र असे : झाकायच्या आधी भरायचे. जो लाल-नारिंगी अंश केसातून काढला गेला आहे तो आधी परत द्यायचा आणि मगच त्यावर तपकिरी चढवायचा. भिंतीला रंग देण्यापूर्वी अस्तराचा हात मारतात, तसेच हे. पार्लरच्या भाषेत याला ‘फिलिंग’ म्हणतात.

इथे निळा आणि गुलाबी यांचे मार्ग वेगळे होतात. रंगांच्या चक्रात निळ्याच्या समोर नारिंगी असतो, हिरव्याच्या समोर लाल असतो, आणि समोरासमोरचे रंग एकमेकांना मारून तपकिरी-राखाडीकडे नेतात. केस अजून स्वच्छ निळे दिसत असतील तर अस्तर तांबूस-नारिंगी घ्यावे. ते शेवाळी झाले असतील, जसे या मुलीचे, तर अस्तरात लाल जास्त हवा. गुलाबी केसांचे काम तुलनेने सोपे आहे, कारण अस्तरातला लाल तिथे आयताच हजर असतो. त्यावर सोनेरी झाक असलेला तपकिरी, म्हणजे ट्यूबवर ४.३ किंवा ५.३ असा आकडा असलेला, लावला की पिवळ्याची उणीव भरून निघते आणि उबदार तपकिरी मिळतो. गुलाबीवर बरगंडी किंवा महोगनी घेऊ नये. लालावर लाल चढून जांभळट वांग्याचा रंग येतो.

आकड्यांचा अर्थ एकदा ध्यानात ठेवला की दुकानदाराच्या भरवशावर राहावे लागत नाही. ठिपक्याआधीचा आकडा गडदपणा सांगतो : १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी, ५ फिकट तपकिरी. ठिपक्यानंतरचा आकडा झाक सांगतो. बहुतेक कंपन्यांत ० ही नैसर्गिक, १ राखाडी, ३ सोनेरी आणि ४ तांबूस झाक असते. काही कंपन्या वेगळी पद्धत वापरतात, म्हणून सोबतचा तक्ता पाहावा. उतरलेल्या निळ्यावर ठिपक्यानंतर १ असलेली ट्यूब कधीही घेऊ नये. राखाडी झाक मुळातच निळी-हिरवी असते, म्हणजे विस्तवावर तूप ओतल्यासारखे होईल. मुलीचा स्वतःचा केस २ किंवा ३ इतका गडद असला तरी रंग ४ घ्यावा. ब्लीचने केस सच्छिद्र झालेला असतो, तो रंग हावरटपणे पितो आणि डब्यावरच्या चित्रापेक्षा निदान एक पायरी गडद दिसतो. हलका पडला तर आणखी गडद करता येतो. गडद झालेला हलका करणे फार अवघड.

सगळ्यात आधी मात्र केसांची प्रकृती पाहावी. एक ओला केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणावा. निरोगी केस थोडा ताणला जातो आणि सोडल्यावर परत येतो. रबरासारखा ताणला जाऊन परत न येणारा किंवा लगेच तुटणारा केस ब्लीचने खलास झालेला असतो. अशा केसावर कोणताही रसायनांचा प्रयोग करू नये. तो भाग कापणे हाच उपाय उरतो, आणि पाच आठवड्यांत ते मान्य करणे भरल्या मांडवात केस हातात येण्यापेक्षा बरे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे वर्षभरात वीतभरही नाही. तेव्हा ‘वाढू दे, मग कापू’ हा मार्ग दीड-दोन वर्षांचा आहे, हे मुलीला आधीच सांगितलेले चांगले.

पहिला आठवडा रंग जितका आपोआप निघेल तितका काढण्यात घालवावा. जितका निळा कमी, तितके अस्तराचे काम हलके. यासाठी कोंड्याचा किंवा खोलवर स्वच्छता करणारा शॅम्पू घ्यावा, सौम्य शॅम्पू नव्हे. ‘सी’ जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या आठ-दहा गोळ्या कुटून त्यात मिसळाव्यात, ओल्या रंगीत केसांना तो लेप लावून वरून टोपी घालावी आणि २० ते ३० मिनिटांनी कोमट पाण्याने धुवावे. त्यानंतर भरपूर कंडिशनर लावावा. लेप टाळूला लावू नये; खरचटलेली जागा असेल तर चुरचुरते. आठवड्यात दोनदा पुरे. गुलाबी या उपायाने बराच उतरतो. निळा हट्टी असतो. तो फिका होतो, नाहीसा होत नाही. आणि उरलेला निळा घालवण्यासाठी पुन्हा ब्लीच मारण्याचा मोह कुणी पार्लरमध्ये घातला तर तो नाकारावा. काही निळे रंग ब्लीचने निघण्याऐवजी अधिकच घट्ट बसतात, आणि केस मात्र आणखी एकदा भाजला जातो.

दुसऱ्या आठवड्यात दोन चाचण्या कराव्यात. त्यांतील एक त्वचेसाठी आणि एक केसासाठी. टिकाऊ गडद रंगांच्या बहुतेक ट्यूबांत पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमिन, किंवा त्याचे जवळचे नातलग असतात. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी असते : टाळूला आग, पापण्या आणि चेहरा सुजणे, पुरळ, फोड. एकदा शरीराने त्याला शत्रू मानले की ते बहुधा जन्मभर विसरत नाही. लग्नसराईत हातावर काढायला मिळणारे झटपट काळ्या मेहंदीचे कोन हे या ॲलर्जीचे एक मोठे कारण आहे, कारण त्यांत पीपीडी मिसळलेला असू शकतो. अशा कोनाने पूर्वी कधी हाताला खाज किंवा फोड आले असतील तर पीपीडीयुक्त रंग डोक्याला लावूच नये. बाकीच्यांनी कंपनीने सांगितल्याप्रमाणे चिमूटभर रंग कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून ४८ तास वाट पाहावी. पूर्वी शंभरदा डाय लावला असला तरी ही चाचणी टाळू नये. ॲलर्जी मधेच केव्हाही उद्भवते. चेहरा सुजला किंवा श्वास घेताना त्रास झाला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा.

दुसरी चाचणी केसाची. मानेजवळच्या आतल्या बाजूने एक बारीक बट निवडावी आणि पुढे सांगितलेली सगळी कृती त्या एका बटेवर करून पाहावी. कोरडी झाल्यावर ती दारात, सूर्यप्रकाशात न्यावी. घरातल्या ट्यूबलाइटखाली हिरवी झाक लपते, उन्हात लपत नाही. या बटेत हिरवट दिसले तर अस्तरात लाल वाढवायचा. वीटकरी दिसले तर कमी करायचा. हे एक पाऊल वगळणाऱ्यांचीच गाडी पुढे अडते.

साहित्य दोन प्रकारचे लागते. अस्तरासाठी तांबूस आणि लाल असा डेव्हलपरशिवायचा रंग, म्हणजे ज्या जातीचा निळा लावला होता त्याच जातीचा. वरच्या थरासाठी ४.० किंवा ४.३ क्रमांकाची कमी टिकाऊ, अमोनियाविरहित ट्यूब आणि सोबत कंपनीचा सर्वात सौम्य डेव्हलपर, ३ टक्के किंवा त्याहूनही कमी. किराणा दुकानातल्या तयार डब्यात बहुधा ६ टक्क्यांचा डेव्हलपर असतो आणि तो बदलता येत नाही. तो मुळाशी आलेल्या नैसर्गिक काळ्या केसांना लागला की त्यांना किंचित उजळून तांबूस करतो. मग खाली गडद आणि टाळूजवळ वीटकरी अशी उलटी गत होते. लातूरसारख्या मोठ्या गावात पार्लरचे साहित्य विकणारी दुकाने असतात, तिथे ट्यूब आणि डेव्हलपर स्वतंत्र मिळतात. कमरेपर्यंतच्या केसांचा खालचा अर्धा भाग रंगवायला साधारण ६० ग्रॅमच्या दोन ट्यूबा धराव्यात. अर्धे केस माखून झाल्यावर रंग संपला तर दुसरी ट्यूब कालवेपर्यंत दोन बाजू वेगळ्या होतात.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट पाहिली जाते आणि ती पाहावीच. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे आणि तशी चाचणी केलेल्या मालाच्या आयातीवरही त्याच वर्षी बंदी आली. पण चाचणी नसणे आणि घटक प्राणिज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग लावल्यावर पार्लरमध्ये जे मास्क आणि सिरम वापरले जातात त्यांत हायड्रोलाइज्ड केराटिन असू शकते; ते बहुधा लोकर, पिसे किंवा शिंग-खुरांतून काढतात. ‘सिल्क’ असे लिहिले असेल तर ते रेशीम. हिरवा ठिपका असलेले उत्पादन घ्यावे, आणि ठिपका नसेल तर घटकांची यादी वाचावी. रंग धरण्यासाठी यांतील कशाचीही गरज नसते. नारळाचे तेल किंवा गहू, सोया यांचे प्रथिन असलेला कंडिशनर केसांना तितकाच मऊपणा देतो.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष काम. आदल्या दिवशी केस शॅम्पूने धुऊन पूर्ण वाळवावेत, तेल लावू नये. केसांचे चार भाग करावेत. तांबूस आणि लाल रंग बटेच्या चाचणीत ठरलेल्या प्रमाणात एकत्र करून, फार भडक वाटल्यास साध्या पांढऱ्या कंडिशनरने पातळ करून, फक्त रंगीत भागाला लावावा. मुळाकडच्या काळ्या केसांना स्पर्श होऊ देऊ नये. वीस मिनिटांनी एक बट पुसून पाहावी : न घासलेल्या जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा मंद, काळपट-तांबूस रंग दिसला तर अस्तर झाले. अजून हिरवे दिसत असेल तर आणखी दहा मिनिटे ठेवावे. मग शॅम्पू न लावता साध्या पाण्याने धुवावे आणि टॉवेलने टिपून केस दमट ठेवावेत. या क्षणी मुलगी आरशात पाहून घाबरते, कारण केस तांबडे दिसतात. तसे दिसलेच पाहिजेत.

त्या दमट केसांवर लगेच तपकिरी लावावा. कालवण्याचे प्रमाण कंपनी सांगते, बहुधा एकास एक किंवा एकास दीड. मागच्या बाजूने सुरुवात करावी आणि सर्वात शेवटी टोकांना लावावे, कारण टोके सर्वात जास्त पितात. दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या फडक्याने पुसून पाहावी. डब्यावर लिहिलेला वेळ निरोगी केसासाठी असतो; ब्लीच केलेला केस दहा-बारा मिनिटांतच हवा तितका गडद होऊ शकतो. मुळांशी जुळला की थांबावे, घड्याळाकडे पाहू नये. सांधा दिसत असेल तर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत तोच रंग दोन बोटांनी काळ्या केसांवर अर्धा इंचभर ओढून मिसळावा.

धुताना पाण्याचा विचार करावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेला हा जिल्हा; उन्हाळ्यात बादल्या उपसणे इथे कुणाच्याही मनाला पटत नाही. डोके वाकवून नळाखाली धरण्याऐवजी केसांचा रंगीत भाग एका पातेल्यात बुडवून चोळावा, पाणी बदलावे, पुन्हा बुडवावा. तीन-चार पातेल्यांत बहुतेक रंग निघतो आणि शेवटी दोन तांबे स्वच्छ पाणी पुरते. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचे तांबे गाळलेल्या किंवा पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत; जड पाण्यातील क्षार केसावर बसून रंग निस्तेज करतात. रंगाचे पाणी तुळशीत किंवा झाडांच्या आळ्यात टाकू नये.

पहिले दोन-तीन दिवस शॅम्पू नको. पुढे आठवड्यातून दोनदा, कोमट पाण्याने, सल्फेट नसलेला सौम्य शॅम्पू. तरीही हा रंग उतरणारच, हे आधी सांगायला हवे. सच्छिद्र केस रंग जितक्या घाईने पितो तितक्याच घाईने सोडतो. तीन-चार आठवड्यांत किंचित हिरवी किंवा मळकट झाक परत येते. म्हणून या मुलीने लग्नाच्या आठवडाभर आधी तोच ४ क्रमांकाचा रंग पुन्हा एकदा, फक्त दहा मिनिटे लावावा. या वेळी अस्तराची गरज सहसा पडत नाही. झाक पुन्हा हिरवी झाली असेल तर तपकिरीत चमचाभर तांबूस मिसळावा. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर रंग बऱ्यापैकी ठरतो.

आता वाचक भगिनींचा हमखास प्रश्न : मेहंदीने हे होणार नाही का? होते, आणि निळ्याच्या बाबतीत तर त्यामागे तेच तर्कशास्त्र आहे. मेहंदीतले लॉसोन हे द्रव्य केसाला नारिंगी-तांबडा रंग देते, म्हणजे निळ्याच्या समोरचा रंग. उतरलेल्या निळ्यावर शुद्ध मेहंदी लावली तर अस्तराचे काम ती स्वतःच करते. नंतर निळीच्या पानांची पावडर, म्हणजे इंडिगो, लावली की तांबडा आणि निळा मिळून तपकिरी तयार होतो. पूर्वापार केस काळे करण्याची दुहेरी रीत हीच. क्रम मात्र चुकवू नये. ब्लीच केलेल्या केसावर आधी इंडिगो लावली तर पिवळ्यावर निळा बसून केस पक्के हिरवे होतात, आणि ती हिरवळ जाता जात नाही. आणखी एक, कपड्यांना देण्याची नीळ ही वेगळी वस्तू आहे. नावावर जाऊ नये.

कृती अशी : लांब केसांना २०० ग्रॅम मेहंदी, कोमट पाणी आणि एका लिंबाचा रस यांत दह्याइतकी दाट कालवावी. हिवाळ्यात ती सहा ते आठ तास ठेवावी. वैशाखात चाकूरच्या उकाड्यात दोन-तीन तासांतच रंग सुटतो. मेहंदीत अंडे घालण्याची अनेक पार्लरांत चाल आहे. रंगासाठी त्याचा काहीही उपयोग नाही, तेव्हा ते सांगून टाळावे. रात्रभर भिजवलेल्या दह्याचीही गरज नाही. लेप दोन तास ठेवून शॅम्पूशिवाय धुवावा. ब्लीच केलेले केस या वेळी गाजरासारखे दिसतात. मग इंडिगो कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवावी आणि दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यावी, कारण ती लवकर निष्प्रभ होते. तपकिरीसाठी २० ते ३० मिनिटे पुरतात. तासभर ठेवली तर काळ्याकडे जाते. धुतल्यावर झाक हिरवट वाटली तरी दोन दिवस थांबावे, हवेच्या संपर्काने ती गडद होत जाते. गुलाबीवरही हीच रीत चालते. तिथे पहिला टप्पा अधिक भडक दिसतो इतकेच.

या मार्गाची किंमत वेगळी आहे. मेहंदी-इंडिगो उतरत नाही, काढता येत नाही. मुलीला पुढे पुन्हा रंगाची हौस येण्याची शक्यता असेल तर हा मार्ग घेऊ नये. इंडिगो बसलेल्या केसावर ब्लीच केले की पुन्हा हिरवाच हाती लागतो. ज्यांना पीपीडी चालत नाही आणि ज्यांचा निश्चय पक्का आहे, त्यांच्यासाठी मात्र हाच मार्ग बरा. अट एक : पाकिटात फक्त मेहंदीची पाने असावीत. ‘काळी मेहंदी’, ‘ब्राऊन मेहंदी’ असे लिहिलेल्या अनेक पाकिटांत पीपीडी असतो, काहींत धातूंचे क्षार. मेहंदीचा रंग मुळात एकच, तांबडा-नारिंगी. भिजवलेल्या लेपाचा ठिपका तळहातावर अर्धा तास ठेवावा. नारिंगी डाग उमटला तर ठीक, काळा किंवा काळपट-तपकिरी उमटला तर ते पाकीट परत करावे. आणि आधी अशी भेसळीची मेहंदी केसाला लागलेली असेल, तर डेव्हलपरचा रंग लावण्यापूर्वी कापलेली एक बट डेव्हलपरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवावी. भांडे गरम झाले, फेस आला किंवा बटेचा रंग बदलला तर त्या केसांत धातू आहे आणि त्यावर डेव्हलपर वापरू नये.

लग्नाला पाच आठवडे नसून पाचच दिवस असतील, तर यांतील कोणतीही दीर्घ कृती सुरू करू नये. त्वचेच्या चाचणीलाच दोन दिवस जातात. अशा वेळी केसांचा अंबाडा घालावा, रंगीत टोके आत वळवून त्यावर गजरा माळावा, किंवा एका धुण्यात निघणारा तपकिरी स्प्रे वापरावा. घामाने आणि पावसाने तो शालूला लागतो, एवढे लक्षात असू द्यावे.